दुधावर साय का धरते, आणि मसाला दूध तापवताना ती कशी आवरायची

केटरिंगच्या किंवा मेसच्या स्वयंपाकघरात नव्याने लागलेल्या माणसाकडे पहिल्या आठवड्यात हमखास येणारं काम म्हणजे दूध तापवणं. घरी लिटरभर दुधाला साय आली तर कौतुकच होतं. पंचवीस जणांच्या मसाला दुधात मात्र तीच साय पेल्याच्या काठाला चिकटते, ओठांना लागते आणि बदाम-पिस्त्याची पूड स्वतःबरोबर घेऊन गाळणीत जाऊन बसते. कोजागिरीला तर दूध उघडं ठेवून गच्चीवर, वाऱ्यात नेलं जातं. साय धरायला याहून चांगली सोय नाही.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. मराठीत ‘साय’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. गरम दुधावर पाच-दहा मिनिटांत येणारा पातळ, सुरकुतलेला पापुद्रा ही एक. तापवलेलं दूध गार होऊन रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की सकाळी वर मिळणारा जाड, लोण्यासारखा थर ही दुसरी. दुसऱ्या थरात मुख्य काम स्निग्धांशाचं असतं, कारण तो पाण्याहून हलका असल्याने हळूहळू वर तरंगतो. पहिल्या पापुद्र्याची सुरुवात प्रथिनं करतात आणि स्निग्धांश त्यात अडकत जातो. म्हणून ‘मलई काढलेलं दूध आणलं की साय येणार नाही’ हा अंदाज चुकतो. बिनमलईच्या दुधावरही पापुद्रा येतो, फक्त तो पातळ आणि कोरडा असतो. इथे बोलायचं आहे ते या पापुद्र्याबद्दल.

तो बनतो असा. दूध तापलं की पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन निघून जातं, पण प्रथिनं जागीच राहतात. त्यामुळे अगदी वरच्या थरात प्रथिनं दाट होत जातात. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असतं आणि बाकीची निवळीतली, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातली प्रथिनं. ही निवळीतली प्रथिनं ७० अंश सेल्सिअसच्या पुढे उलगडायला लागतात आणि एकमेकांना व केसीनला चिकटतात. वरचा थर सुकत असतानाच हे चिकटणं चालू असतं, म्हणून तिथे जाळं विणलं जातं. त्यात स्निग्धांशाचे कण आणि कॅल्शियम अडकलं की उचलता येईल असा पापुद्रा तयार होतो. तो काढून टाकला तरी खालचा नवा थर सुकायला लागतो आणि दुसरा येतो. सोयाच्या दुधावरही हेच घडतं. जपानमध्ये असे पापुद्रे एकामागून एक मुद्दाम उचलतात आणि ‘युबा’ म्हणून खातात.

म्हणजे दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात, पृष्ठभागावरून पाणी जाणं आणि पृष्ठभाग स्थिर असणं. यातली एक मोडली की साय अडते. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एकाच पातेल्यातलं गरम दूध दोन वाट्यांत ओता. एका वाटीवर लगेच ताटली ठेवा, दुसरी पंख्याखाली उघडी ठेवा आणि दहा मिनिटांनी पाहा. उघड्या वाटीत सुरकुती दिसेल. झाकलेल्या वाटीत आतली हवा वाफेने भरून गेल्यामुळे पुढची वाफ निघायला जागाच उरत नाही, म्हणून तिथे पापुद्रा फारच कमी असेल.

नवखे लोक ज्या ठिकाणी चुकतात ते आता सांगतो. सगळं लक्ष दूध उकळेपर्यंत असतं, कारण ऊतू जाण्याची भीती असते. ऊतू जाण्यात पापुद्र्याचा हात असतोच. खालून येणारी वाफ त्याच्याखाली कोंडते आणि फेसासकट सगळं वर उचलते. पण खळखळून उकळणाऱ्या दुधावर साय टिकत नाही, बुडबुडे ती फोडत राहतात. जाड साय धरते ती गॅस बंद केल्यावर. तेव्हा दूध ९०-९५ अंशांवर असतं, वाफ जोरात निघत असते, पृष्ठभाग निवांत असतो आणि माणूस पळी बाजूला ठेवून पेले मांडायला गेलेला असतो. पहिली दहा मिनिटं सांभाळली की निम्म्याहून अधिक काम झालं.

आता ५ लिटर दुधाचं, म्हणजे पंचवीस पेल्यांचं उदाहरण घेऊ. पेल्यात दोनशे मिलीच्या आत-बाहेर दूध बसतं.

पातेलं आधी निवडा. ३० सेंटीमीटर तोंडाच्या पसरट पातेल्यात ५ लिटर दुधाचा उघडा पृष्ठभाग सुमारे ७०० चौरस सेंटीमीटर होतो आणि खोली जेमतेम ७ सेंटीमीटर. तेच दूध २२ सेंटीमीटर तोंडाच्या उभट भांड्यात घातलं तर पृष्ठभाग ३८० च्या आसपास येतो, म्हणजे जवळजवळ निम्मा. खोली १३ सेंटीमीटर होते, म्हणून फेसाला जागा राहील असं निदान ८ लिटरचं भांडं घ्या. जाड बुडाचं असेल तर उत्तम. बासुंदीला पसरट कढई लागते ती नेमकी उलट कारणासाठी, तिथे पाणी आटवायचंच असतं.

दूध कोणतं, यानेही फरक पडतो. पिशवीवर फुल क्रीम लिहिलं असेल तर स्निग्धांश किमान ६ टक्के, टोन्ड असेल तर ३ टक्के. मसाला दुधाला फुल क्रीमच शोभतं, पण त्याची साय जाड येणार हे धरून चाला. पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ असेल तर स्निग्धांशाचे कण बारीक फोडलेले असतात आणि ते सहज वर येत नाहीत. त्यामुळे सकाळची जाड मलई कमी होते. गरम दुधावरचा पापुद्रा मात्र त्याने थांबत नाही.

भांडं पाण्याने विसळून न पुसता दूध ओता. बुडाशी पाण्याचा पातळ थर राहिला की दूध लागण्याचं प्रमाण थोडं कमी होतं. आच मध्यम ठेवा. दूध ५० अंशांच्या पुढे गेलं, म्हणजे वर हलकी वाफ दिसायला लागली, की ढवळायला सुरुवात करा. ढवळायला गोल पळी नको, सपाट तोंडाचं उलथनं घ्या, कारण बुडाचा पूर्ण तळ खरवडला गेला पाहिजे. दर अर्ध्या-एक मिनिटाला एक फेरी तळाला आणि एक फेरी पृष्ठभागावर, एवढं पुरतं. पापुद्रा धरण्याआधी ढवळणं महत्त्वाचं. एकदा धरलेली साय जोरात घोटली तर ती विरघळत नाही, तिच्या चिंध्या होतात आणि सगळ्या दुधात पसरतात.

या टप्प्यावर घट्ट झाकण ठेवू नका. साय येणार नाही, पण दूध कधी वर आलं ते कळणारही नाही. शिट्टीचं दुहेरी भांडं वापरणाऱ्यांनी इतकं लक्षात घ्यावं की मधल्या पाण्यामुळे दूध लागत नाही आणि ऊतूही जात नाही, पण साय येतेच, कारण दूध बराच वेळ गरम आणि स्थिर राहतं.

एक उकळी आली की आच मंद करा. साखर घाला, लिटरमागे ८० ते १०० ग्रॅम, म्हणजे एकूण ४०० ते ५०० ग्रॅम, आणि पाच मिनिटं ढवळत ठेवा. बदाम-पिस्त्याची पूड आत्ताच घालू नका. ती तळाशी बसून करपते, आणि साय धरलीच तर तिच्यात अडकते. केशर आणि वेलची-जायफळही गॅस बंद केल्यावरच.

गॅस बंद केला की ती दहा मिनिटं सुरू होतात. भांडं गार पाण्याच्या परातीत किंवा टबात ठेवा आणि ढवळत दूध ७० अंशांवर आणा. ९० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब ७० अंशांच्या दुपटीहून जास्त असतो, तेव्हा एवढं उतरवलं तरी वाफ निघण्याचा जोर चांगलाच ओसरतो. पिणाऱ्याला ६०-६५ अंशांचं दूध पुरेसं गरम लागतं, त्यामुळे काही गमावत नाही. थर्मामीटर नसेल तर पळीभर दूध वाटीत काढून घोट घेऊन पाहा. फुंकर न मारता छोटा घोट घेता आला की झालं.

मग पूड आणि केशर मिसळा आणि रवीने वरच्यावर घुसळून फेस आणा. फेस हा स्वस्तातला आणि चांगला उपाय आहे. बुडबुड्यांचा थर दूध आणि हवेच्या मध्ये राहतो, वाफ कमी निघते आणि सपाट पापुद्रा विणायला जागा मिळत नाही. चहावाले दूध वर-खाली ओततात तेव्हा गार करण्याबरोबर हेही साधलं जातं. फेस बसला की परिणाम संपतो, म्हणून लगेच पुढचं काम उरका. दूध नळाच्या थर्मासमध्ये काठोकाठ भरून झाकण लावा. अर्धा भरलेला थर्मास आणि दर दोन मिनिटांनी उघडलं जाणारं झाकण या दोन्हींनी साय परत येते. जाळीच्या झाकणाचा इथे काडीचा उपयोग नाही, ते माशांसाठी असतं.

इतकं करून गाळणीत काही अडकलंच तर ते काय आहे ते ओळखायला शिका. पांढऱ्या, लवचिक, ताणता येणाऱ्या पट्ट्या म्हणजे साय, ढवळणं कमी पडलं. तपकिरी चिटोरे म्हणजे बुडाला लागलेली खरवड, आच जास्त होती किंवा तळ ढवळायचा राहिला. अशा वेळी तळ पुन्हा खरवडू नका, दूध अलगद दुसऱ्या भांड्यात ओता. सगळीकडे पसरलेले पांढरे दाणे आणि त्यांच्यापासून वेगळं झालेलं हिरवट पाणी म्हणजे दूध फाटलं आहे. त्याला साय समजून गाळून वाढू नका.

साय आधीच धरली असेल तर ढवळू नका. चपट्या झाऱ्याने कडेपासून सोडवून अख्खी उचला आणि मगच दूध गाळा.

उरलेलं दूध ठेवायचं असेल तर झाकून ओट्यावर तासन्‌तास कोमट ठेवणं वाईट, साय येणार नाही पण ते नासेल. गार पाण्यात ढवळत लवकर निववा आणि मग झाकून फ्रिजमध्ये टाका.

उघड्या भांड्यात गरम दूध ठेवायचं आणि साय अजिबात नको, हे जमत नाही. म्हणून कोजागिरीला चांदण्यासाठी एक छोटं पातेलं उघडं ठेवा आणि पंचवीस पेले थर्मासमधून भरा.