पॉवर बँक, यूपीएस की स्टॅबिलायझर? फोटोवरून ओळखताना या चुका टाळा

माझ्या मेहुण्याने एकदा फोनवर एक फोटो पाठवला. काळा, उभट डबा, समोर एक बटण आणि एक हिरवा दिवा. खाली प्रश्न : "हा स्टॅबिलायझर फ्रिजला लावू का? जुन्या सामानात सापडलाय." त्याच्या बायकोच्या मते तो मोठा पॉवर बँक होता, कारण मागे यूएसबीचं भोक दिसत होतं. दोघांनीही फोटो नीट बघितला होता, पण चुकीच्या जागी.

त्या डब्याच्या मागच्या बाजूला लेबल होतं. अर्ध्या भागावर फ्लॅशची चमक पडली होती. वाचता येत होतं ते एवढंच :

```
600VA / 360W   AVR
INPUT:  140-300V~  50Hz
OUTPUT: 230V~
BATT: 12V 7Ah
```

मेहुण्याने `AVR` आणि `140-300V` एवढंच वाचलं आणि निर्णय दिला. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

एव्हीआर दिसलं की स्टॅबिलायझर समजणे

एव्हीआर म्हणजे व्होल्टेज आपोआप सावरण्याची सोय. स्टॅबिलायझरचं तर तेच एकमेव काम, त्यामुळे त्याच्या लेबलवर हे अक्षर असणं साहजिक आहे. पण लाइन इंटरॅक्टिव्ह प्रकारच्या यूपीएसमध्येही हीच सोय असते. आत ट्रान्सफॉर्मरला दोन-तीन टॅप काढलेले असतात. वीज थोडी कमी-जास्त झाली की रिले टॅप बदलतो, म्हणजे प्रत्येक वेळी बॅटरी वापरावी लागत नाही. लेबलवर इनपुटची लांबलचक रेंज येते ती यामुळेच. म्हणजे एव्हीआर आणि रेंज या दोन गोष्टींवरून "हा डबा व्होल्टेज सावरतो" इतकंच ठरतं. तो आणखी काय करतो, हे अजून ठरायचं असतं.

ते ठरवतो लेबलच्या चौथ्या ओळीतला शेवटचा शब्द : `7Ah`. एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती साठा आहे याचं माप. स्टॅबिलायझरमध्ये साठवायला काही नसतंच. ट्रान्सफॉर्मर, रिले किंवा सर्व्हो मोटर आणि कंट्रोलचं छोटं सर्किट, एवढाच त्याचा संसार. बाहेरची वीज गेली की तोही गेला. म्हणून लेबलवर एएच दिसलं की स्टॅबिलायझर यादीतून बाद. १२ व्होल्ट आणि ७ एएच यांचा गुणाकार ८४ वॉट-तास येतो. घरगुती किंवा ऑफिसच्या लहान यूपीएसमधल्या सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं हे अगदी नेहमीचं माप आहे.

आता फ्रिजचं काय? ३६० वॉट ही या डब्याची कमाल मर्यादा. फ्रिज चालू असताना एवढी वीज घेत नसेलही, पण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी तो नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. लहान यूपीएस अशा वेळी ओव्हरलोडचा आवाज करून बंद पडतो. शिवाय असे बरेच यूपीएस बॅटरीवर असताना शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची लाट देतात. कॉम्प्युटरला ती चालते, मोटरला मानवत नाही. फ्रिजच्या स्टॅबिलायझरमध्ये एक सोय असते ती या डब्यात नव्हती : वीज परत आल्यावर साधारण तीन मिनिटं थांबून मग पुरवठा सुरू करणारा टाइम डिले. फोटोत `DELAY` लिहिलेला दिवा किंवा डिस्प्ले दिसला, तर मी लगेच स्टॅबिलायझरकडे झुकतो.

यूएसबीचं भोक बघून पॉवर बँक म्हणणे

मेहुण्याच्या बायकोची चूक. यूएसबीचं भोक आहे की नाही यापेक्षा ते कुठल्या आकाराचं आहे हे महत्त्वाचं. यूपीएसच्या मागे बहुतेक वेळा जवळजवळ चौकोनी, वरचे दोन कोपरे छाटलेलं भोक असतं, जुन्या प्रिंटरला असतं तसं. ते यूएसबी-बी. त्यातून फोन चार्ज होत नाही. त्यातून यूपीएस कॉम्प्युटरला कळवतो की वीज गेली आहे, बॅटरी संपत आली आहे, फाइल सेव्ह करून बंद हो. पॉवर बँकेवर असतात ती चपटी, लांबट यूएसबी-ए आणि गोल कडांचं यूएसबी-सी. काही यूपीएसवर समोर चार्जिंगसाठी चपटं यूएसबीही देतात, त्यामुळे एका भोकावर भरवसा ठेवू नका. त्याच्या शेजारी काय आहे ते बघा.

त्या काळ्या डब्याच्या शेजारी काय होतं? एक खोलगट जागा, आत तीन धातूच्या पिना उभ्या. त्याच्या बाजूला तीन-तीन चिरा असलेले चार सॉकेट. पिना जिथे आत दिसतात तिथून वीज आत येते. चिरा जिथे दिसतात तिथून बाहेर जाते. दोन्ही जागांचा आकार लांबून सारखाच दिसतो, म्हणून लोकांचा गोंधळ उडतो. एक आत येणारी आणि चार बाहेर जाणारी जागा, सोबत चौकोनी यूएसबी आणि दाबून परत सेट करायचं छोटं ब्रेकरचं बटण : ही जुळणी यूपीएसचीच. स्टॅबिलायझरला सहसा डब्यातूनच निघालेली जाड वायर असते. बाहेर एखादंच मोठं सॉकेट असतं, नाहीतर भिंतीवरच्या मोठ्या स्टॅबिलायझरला स्क्रूने वायर कसायची पट्टी.

आकडा वाचणे, पण त्याच्या पुढची खूण न वाचणे

लेबलवर व्होल्टच्या पुढे दोन खुणा येतात आणि फोटो मोठा करून बघण्यासारखी जागा हीच आहे. नागमोडी रेघ `~` म्हणजे एसी, भिंतीतली वीज. एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ, `⎓`, म्हणजे डीसी. आउटपुटच्या ओळीत फक्त डीसीची खूण आणि ५, ९, १२ असे लहान व्होल्ट असतील तर तो पॉवर बँकेच्या घराण्यातला. आउटपुटला नागमोडी रेघ आणि २३० किंवा १२० असेल तर यूपीएस नाहीतर स्टॅबिलायझर.

घराण्यातला म्हणालो, कारण इथे एक फसवी वस्तू आहे : राउटरसाठीचा मिनी यूपीएस. पांढरा, तळहाताएवढा, त्यावर मिलिअँपिअर-तास छापलेले. हुबेहूब पॉवर बँक. फरक भोकांमध्ये आहे. मिनी यूपीएसला मध्ये बारीक पिन असलेली गोल डीसी भोकं असतात, शेजारी ९ व्होल्ट, १२ व्होल्ट असं लिहिलेलं, आणि आत येणारी वीजही बहुधा तशाच गोल भोकातून. समजा लेबलवर हे आहे :

```
8800mAh  3.7V  32.56Wh
OUTPUT: 12V⎓ 1A
```

इथे दुसरी चूक होते. लोक ८८०० मिलिअँपिअर-तास म्हणजे ८.८ अँपिअर-तास धरतात, राउटर एक अँपिअर घेतो म्हणून पावणेनऊ तास चालेल असा हिशेब करतात. पण ते ८.८ अँपिअर-तास ३.७ व्होल्टच्या सेलचे आहेत, १२ व्होल्टचे नाहीत. वॉट-तास बघा : ३२.५६. राउटर १२ व्होल्टवर एक अँपिअर, म्हणजे १२ वॉट घेत असेल तर भागाकार पावणेतीन तासांच्या आत येतो, आणि व्होल्टेज वाढवताना होणारी घट धरली तर त्याहूनही कमी. म्हणून तुलना करायचीच तर वॉट-तासांची करावी. विमानात पॉवर बँक नेतानाही मर्यादा वॉट-तासांतच मोजतात : १०० वॉट-तासांपर्यंत सहसा परवानगी लागत नाही, आणि ती हातातल्या बॅगेतच न्यायची.

आता फोटोतल्या काही बारीक फसवणुकी. लेबल चार्जरचं आहे की डब्याचं, हे आधी ठरवा. टेबलावर अ‍ॅडॉप्टर शेजारी पडलेला असतो आणि लोक त्याचंच लेबल वाचतात. पुसट फोटोत दशांश चिन्ह गायब होतं आणि ३.७ चे ३७ होतात. पण एका लिथियम सेलचा नेहमीचा व्होल्टेज ३.६ किंवा ३.७ असतो, त्यामुळे ३७ हा आकडा दिसला तर लेबलऐवजी फोटोवर शंका घ्या. आणि मोजमापाला काही नसेल तर आकारावरून काहीच ठरवू नका. जवळून काढलेला पॉवर बँक आणि लांबून काढलेला यूपीएस फोटोत सारखेच दिसतात. शेजारी पेन ठेवायला सांगा.

लेबल मुळीच वाचता येत नसेल तर मी तीन गोष्टी मागतो. चमक टाळण्यासाठी फ्लॅश बंद करून, किंचित तिरक्या कोनातून लेबलचा दुसरा फोटो. डबा उलटा करून तळाचा फोटो. आणि वजनाचा अंदाज. तळाशी सरकवायचं झाकण दिसलं तर ते बहुधा बॅटरीचं. कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर फुली आणि त्याखाली `Pb` छापलेलं दिसलं तर आत शिशाची बॅटरी आहे, म्हणजे यूपीएस. नुसतं फुली मारलेलं चित्र मात्र काही सांगत नाही, ते कुठल्याही इलेक्ट्रॉनिक वस्तूवर असू शकतं. वजनाने पॉवर बँक वेगळा पडतो. यूपीएस आणि स्टॅबिलायझर यांच्यात मात्र वजन उपयोगाचं नाही. एकात शिसं आणि लोखंड, दुसऱ्यात तांबं आणि लोखंड, दोन्ही उचलताना "अरे बापरे" म्हणायला लावतात.

या सगळ्यानंतरही काही डबे फोटोवरून सुटत नाहीत. मोठ्या यूपीएसची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी बाहेर असते, त्यामुळे लेबलवर एएच येतच नाही. तिथे मागे लाल आणि काळ्या जाड वायरी किंवा त्यांचे स्क्रू शोधायचे. ज्यांना पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणतात त्यांच्यावर यूएसबी, गोल डीसी आणि भिंतीसारखं सॉकेट, तिन्ही असतात. ते आपल्या तिन्हींपैकी कशातच धड बसत नाहीत.

डबा हाताशी असेल आणि तो एसीचा आहे हे नक्की झालं असेल, तर शेवटची तपासणी सोपी आहे. त्याला एक टेबल लॅम्प लावा, डबा चालू करा आणि थोड्या वेळाने भिंतीतला प्लग काढा. लॅम्प तत्क्षणी विझला आणि डबाही मुका झाला तर स्टॅबिलायझर. डबा टीं-टीं करू लागला आणि लॅम्प तेवत राहिला तर यूपीएस. अट एकच : आधी काही तास चार्ज होऊ द्या, कारण बरीच वर्षं पडून असलेल्या यूपीएसची बॅटरी मेलेली असते आणि तोही स्टॅबिलायझरसारखाच लगेच गप्प बसतो. मेहुण्याचा डबा नेमका तसाच गप्प बसला. तो पुन्हा म्हणाला, "बघ, स्टॅबिलायझरच आहे." मी त्याला तळाचा फोटो काढायला लावला. सरकवायच्या झाकणाखाली फुगलेली १२ व्होल्टची बॅटरी होती. तिला हात न लावता प्लग काढून ठेव, एवढंच मी त्याला सांगितलं, आणि फ्रिजसाठी वेगळा स्टॅबिलायझर घ्यायला लावला.