स्पायरोमेट्रीचा रिपोर्ट वाचताना ‘रिस्ट्रिक्शन’ म्हणायच्या आधी फुंकरीचा शेवट बघा

स्पायरोमेट्री म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसाची हवा मोजायची टेस्ट. तिचा रिपोर्ट हातात आला की निम्मे लोक आधी सगळ्यात खालची ओळ वाचतात, जिथं मशीननं आपल्या मनानं ‘मॉडरेट रिस्ट्रिक्शन’ वगैरे छापलेलं असतं. ती ओळ बोटानं झाका. मी बारा वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात लोकांना नळीत फुंकायला लावतोय आणि त्या ओळीवर विसंबून एकदा चांगलाच तोंडावर पडलोय, ते पुढं सांगतो.

आधी वरचा कोपरा बघा. नाव, वय, लिंग, उंची. उंची चपलेसकट किंवा ‘अंदाजे’ घेतलेली नको, कारण दीडशे सेंटीमीटरच्या बाईची उंची एकशेसाठ टाकली की तिनं किती हवा काढायला पाहिजे हा आकडा तीनशे मिलीच्या आसपास वर जातो आणि धडधाकट बाई कागदावर आजारी दिसते. निंदण-खुरपण करून पाठीत वाक आलेल्या म्हाताऱ्या माणसांची उभी उंची घेऊ नका, दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि त्यावरून हिशोब धरा.

आता आकडे. कामाचे तीनच आहेत. FVC म्हणजे छाती गच्च भरून घेऊन जोर लावून सगळीच्या सगळी बाहेर काढलेली हवा, लिटरमध्ये. FEV1 म्हणजे त्यातली पहिल्या एका सेकंदात निघालेली हवा. आणि तिसरा FEV1/FVC, म्हणजे एकूण हवेतला किती हिस्सा पहिल्याच सेकंदात निघाला.

आपल्याकडं संत्र्याच्या बागेत ड्रिप असते, त्यावरून लक्षात ठेवा. टाकी भरलेली आहे पण नळ्या चोक झाल्या, तर पाणी शेवटी बरंचसं निघतं पण निघायला फार वेळ घेतं. हे ऑब्स्ट्रक्शन, दमा आणि सीओपीडीवाल्यांचं, सीओपीडी म्हणजे धुरानं-बिडीनं श्वासाच्या नळ्या कायमच्या खराब होणं. पहिल्या सेकंदाची हवा खूप घटते, एकूण हवा त्यामानानं कमी घटते, म्हणून रेशो खाली येतो. दुसऱ्या शेतात नळ्या साफ आहेत पण टाकीच लहान, तर पाणी भसकन निघून संपतं. हे रिस्ट्रिक्शन, फुफ्फुस कडक झालेलं, आकसलेलं, किंवा छातीचा पिंजराच फुलत नाही असं. तिथं FEV1 आणि FVC दोन्ही सोबत खाली येतात म्हणून रेशो नॉर्मल राहतो, कधी जास्तच दिसतो.

रेशोची हद्द किती, तर बहुतेक डॉक्टर ०.७० धरतात, त्याच्या खाली ऑब्स्ट्रक्शन. पण वयानुसार रेशो आपोआप उतरतो, म्हणून सत्तरीच्या आजोबांचा ०.६८ आला तर लगेच घाबरायचं नाही आणि पंचवीस वर्षांच्या पोराचा ०.७२ आला तर निर्धास्त व्हायचं नाही. कागदावर LLN नावाचा रकाना असेल तर तो बघा, ती त्या वयाची आणि उंचीची खालची हद्द असते.

इथवर कोणीही शिकतो. गोची पुढं आहे. रेशो नॉर्मल आणि FVC कमी, असं दिसलं की सगळे डोळे झाकून रिस्ट्रिक्शन म्हणतात. मीही म्हणायचो.

आमच्याकडं एक काकू आल्या होत्या, अठ्ठावन्न वर्षांच्या, उंची दीडशे, आयुष्य चुलीपुढं गेलेलं, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या जाळून. थोडं चाललं की दम. FVC आली १.४२ लिटर, यायला पाहिजे होती २.१० च्या आसपास, म्हणजे अडुसष्ट टक्के. FEV1 आली १.१०. रेशो ०.७७, एकदम चांगला. मशीननं छापलं रिस्ट्रिक्शन, मी ते तसंच पाठवून दिलं, पुढं कोणीतरी त्यांना ‘फुफ्फुस आकसलं’ म्हणून सांगितलं आणि घरचे बिचारे सीटी स्कॅनच्या पैशासाठी सोयाबीन विकायला निघाले.

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा मी नीट आलेख काढून बघितला आणि माझंच डोकं फिरलं. वेळ आणि हवा दाखवणारी रेघ अडीच सेकंदाला तुटलेली होती, आणि तुटताना अजून वर चढत होती. म्हणजे हवा संपली नव्हती, काकूंनी फुंकणं थांबवलं होतं, आणि मी ‘झालं का माय’ म्हणून नळी काढून घेतली होती.

त्या दिवशी मी त्यांच्यासमोर बसून ओरडलो, फुक माय, फुक, अजून, अजून, पोट आत जाऊ दे, थांबू नको! नऊ सेकंद फुंकलं त्यांनी. FEV1 तितकीच आली, १.१०, कारण पहिला सेकंद तर त्या आधीही जोरातच फुंकत होत्या. पण FVC आली १.९४. भाग द्या, रेशो आला ०.५७. आकसलेलं फुफ्फुस गेलं आणि समोर आलं स्वच्छ ऑब्स्ट्रक्शन. बाई तीच, मशीनही तेच, फरक फक्त साडेसहा सेकंदांचा. चोक झालेल्या नळीतून शेवटची हवा थेंबथेंब निघते, तेवढा धीर धरला नाही तर FVC खोटी लहान पडते, आणि भागाकारातला खालचा आकडा लहान झाला की रेशो खोटा चांगला दिसतो. ज्याच्या नळ्या जास्त खराब त्याच्याच बाबतीत ही चूक जास्त होते, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

म्हणून FVC कमी दिसली की आधी आलेखाचा शेवट बघायचा. वेळेच्या आलेखात रेघ चढत जाऊन शेवटी आडवी, धुऱ्यासारखी सपाट झाली पाहिजे. नियम असा आहे की शेवटच्या एका सेकंदात पंचवीस मिलीपेक्षा कमी हवा निघाली तर फुंकर संपली म्हणायची. सपाटी येतच नसेल तर पंधरा सेकंदांपर्यंत फुंकू द्यायचं, त्यापुढं छळायचं नाही.

‘सहा सेकंद झाले ना, मग बरोबर’ हा सल्ला सगळीकडं ऐकू येतो आणि मला त्याचा वीट आलाय. सेकंद मोजू नका, सपाटी बघा. कारण खरं रिस्ट्रिक्शन असलेला माणूस तीन सेकंदांत सगळी हवा काढून मोकळा होतो आणि त्याची ती फुंकर अगदी बरोबर असते. आमच्याकडचेच एक साठीचे भाऊ, कोरडा खोकला, बोटांची नखं फुगीर झालेली. FVC १.६० आली, पाहिजे होती २.९०, म्हणजे पंचावन्न टक्के. FEV1 १.३८, रेशो ०.८६. तीन सेकंदांत रेघ सपाट झाली, नंतर कितीही ओरडा, काही निघत नव्हतं, आणि तिन्ही फुंकरी एकमेकींपासून चाळीस मिलीच्या आत. काकूंची अडीच सेकंदांची फुंकर तुटलेली होती, यांची तीन सेकंदांची पूर्ण होती. हा फरक आकड्यांच्या तक्त्यात कुठंच दिसत नाही, रेघेतच दिसतो.

दुसरा आलेख असतो डोंगरासारखा, उभी बाजू हवेचा वेग आणि आडवी बाजू हवा किती. ऑब्स्ट्रक्शनमध्ये शिखरानंतरची उतरण आत खचते, विळ्याच्या पात्यासारखी. रिस्ट्रिक्शनमध्ये आकार ठीक असतो पण डोंगर अरुंद, उभा सुळका. आणि अर्धवट फुंकरीत उतरण खाली टेकायच्या आधीच कात्रीनं कापल्यासारखी सरळ खाली पडते. काकूंचा पहिला आलेख काढून बघा म्हटलं तर वरून अगदी सुळकाच वाटेल, पण नीट पाहिलं तर उतरण खचलेली होती आणि शेवट कापलेला.

फुंकर खरी की खोटी हे एकीवरून ठरवू नका. चांगल्या तीन पाहिजेत, आणि त्यातल्या सर्वात मोठ्या दोन FVC मध्ये दीडशे मिलीपेक्षा जास्त फरक नको, FEV1 चंही तसंच. आठ वेळा फुंकूनही जमलं नाही तर त्या दिवशी सोडून द्या, दमलेला माणूस अजून वाईट फुंकतो.

आणि सपाटी आली, तिन्ही जुळल्या, रेशो नॉर्मल, FVC कमी, तरीही कागदावर ‘रिस्ट्रिक्शन असू शकतं’ एवढंच लिहायचं. पूर्ण श्वास सोडल्यावरही छातीत जी हवा उरते ती या मशीनला दिसतच नाही, ती धरून एकूण फुफ्फुस किती मोठं हे मोजायला काचेच्या खोलीसारख्या पेटीत बसवून टेस्ट करतात, ती मोठ्या शहरात. भाऊंना तिकडं पाठवलं. उलट बाजूनं मात्र ही टेस्ट पक्की आहे, FVC नॉर्मल आली तर रिस्ट्रिक्शन जवळजवळ नाहीच समजा.

शेवटी औषधानंतरचा रकाना. नळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामोल पंपाचे चार पफ स्पेसरमधून, पंधरा मिनिटं थांबून परत फुंकायचं, आणि माणूस सकाळी घरीच पंप ओढून आला असेल तर या रकान्याला अर्थ नाही. काकूंची FEV1 १.१० वरून १.१६ झाली, म्हणजे फक्त साठ मिली, रेशो तरीही ०.५७ च. पंपानंही रेशो ०.७० च्या वर गेला नाही आणि चुलीचा धूर पाठीशी, म्हणून डॉक्टरांनी सीओपीडी धरून इलाज सुरू केला, सीटी टळलं.

या रकान्यात बरेचजण फक्त FEV1 बघतात आणि FVC विसरतात, हे करू नका. मागच्या उन्हाळ्यात एक बिडीवाले काका होते, FEV1 ०.८०, FVC १.७०, पाहिजे होती ३.००. रेशो ०.४७. रेशोही खाली, FVC ही खाली, मशीननं ‘मिक्स्ड’ छापून दोन आजार गळ्यात मारले. पंपानंतर FEV1 फक्त ०.९० झाली, पण FVC गेली २.१५ वर, साडेचारशे मिली जास्त, रेशो तर उलट ०.४२ वर उतरला. आकसलेलं फुफ्फुस पंधरा मिनिटांत असं मोठं होत नाही, ती आत अडकून पडलेली हवा होती जी नळ्या जराशा मोकळ्या झाल्यावर बाहेर आली. मी ‘मिक्स्ड’ शब्दावर पेनानं काट मारली आणि दोन्ही आलेख जोडून डॉक्टरांकडं पाठवले.