कोटेशन गेलं म्हणजे सौदा झाला नाही: माझा अनुभव

जालन्यात आम्ही ठिबक संच विकतो. गिऱ्हाईकं आणि सौद्यांची नोंद ठेवणाऱ्या सीआरएममध्ये ‘कोटेशन दिलं’ या टप्प्याला सौदा जमण्याची ६०% शक्यता लावलेली होती. त्यात २० लाखांचे सौदे, म्हणून अंदाज १२ लाखांचा धरला, आले साडेचार.

जुने निकाल काढले. या टप्प्याला पोचलेल्या ४० सौद्यांपैकी ९ जमले होते, म्हणजे २२.५%. बदनापूरकडच्या एका काकांचं कोटेशन तर सात महिने उघडंच होतं. फोनवर म्हणाले, “बाबा, हिरीलाच पाणी नाही, नळ्या टाकून काय करू?”

कोटेशन पाठवणं हे आपलं काम, होकार त्यांचा. आता पाण्याची खात्री आणि पैशाची सोय कळल्यावरच सौदा पुढे सरकवतो. टप्प्याचा अर्थ बदलल्यामुळे २२.५% सुद्धा जुना झाला. नवे निकाल साठेपर्यंत तो तात्पुरता ठेवलाय.