जोड्या लावताना विधानाचे तुकडे करा

केंब्रिजच्या बी२ फर्स्ट या इंग्रजीच्या परीक्षेतील वाचनाच्या सातव्या भागात १० विधाने उताऱ्यांशी जुळवायची असतात आणि तिथे शब्द जुळला की उत्तर सापडले, असे समजणारे हमखास फसतात. विधान असे घ्या : ‘मेट्रोने आपला वेळ वाचेल ही अपेक्षा फोल ठरली.’ यात तीन तुकडे आहेत : अपेक्षा होती, ती स्वतःची होती आणि ती पुरी झाली नाही.

आता तीन पुणेकर पाहा. पहिला म्हणतो, ‘वेळ वाचतो, पण उतरल्यावर रिक्षा मिळत नाही.’ दुसरी म्हणते, ‘वेळ वाचेल असे सगळे सांगत होते; मला कधीच पटले नाही आणि झालेही तसेच.’ तिसरा म्हणतो, ‘दुचाकी सोडली तेव्हा रोज अर्धा तास हाताशी येईल असा हिशेब होता, वनाझ स्थानकापर्यंतची पायपीट धरली, तर पूर्वीइतकाच उशीर होतो.’

दुसरीच्या बोलण्यात विधानातील शब्द जवळजवळ जसेच्या तसे आहेत (ते मुद्दामच पेरलेले असतात), परंतु अपेक्षा तिची नव्हे, इतरांची आहे. तिसऱ्याकडे ‘मेट्रो’ हा शब्दही नाही, तरी तिन्ही तुकडे तिथेच भरतात. म्हणून प्रत्येक तुकड्यासाठी उताऱ्यातील नेमक्या शब्दांखाली रेघ ओढावी आणि एक जरी तुकडा रेघेविना राहिला, तर तो उतारा सोडून द्यावा.