वाहन विम्याचा क्लेम सोडवताना या चुका टाळा

परीक्षेत विम्याच्या तत्त्वांवर प्रसंग आला की बरीच मुले दोन ओळींत निकाल लावून टाकतात: माहिती लपवली म्हणून क्लेम नामंजूर, किंवा गाडीचा विमा होता म्हणून पूर्ण बिल मंजूर. गुण जातात ते या दोन वाक्यांच्या मधल्या भागात. म्हणून आकडे घेऊन एकच काल्पनिक प्रसंग शेवटपर्यंत सोडवू.

विमा कंपनी बदलताना एका गाडीमालकाने प्रस्ताव अर्जात 'मागील पॉलिसीत क्लेम घेतला होता का?' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिले. प्रत्यक्षात त्याने क्लेम घेतला होता. त्या 'नाही'मुळे 16,000 च्या हप्त्यावर 25 टक्के नो क्लेम बोनस मिळाला आणि त्याने 12,000 भरले. काही महिन्यांनी त्याच्या उभ्या गाडीला ट्रकने मागून धडक दिली. गॅरेजचे बिल झाले 90,000: सुटे भाग 60,000 आणि मजुरी 30,000.

'अपघाताशी संबंध नाही, मग पैसे द्यायलाच हवेत'

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. जुन्या क्लेमचा आणि ट्रकच्या धडकेचा काही संबंध नाही, हे खरे. पण परम विश्वासाच्या, म्हणजे करार करताना महत्त्वाची माहिती प्रामाणिकपणे सांगण्याच्या तत्त्वात पाहायचे असते ते करार होतानाच्या क्षणाकडे, अपघाताकडे नाही. ही माहिती तेव्हा कळली असती, तर जोखीम स्वीकारायची की नाही किंवा हप्ता किती घ्यायचा, यावर एखाद्या सुज्ञ विमा कंपनीचा निर्णय बदलला असता का? बदलला असता, तर ती माहिती महत्त्वाची. इथे पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. हप्त्यातला 4,000 चा फरक हाच पुरावा आहे.

काहीजण उलट्या टोकाला जाऊन लिहितात की विमाधारकाने सर्व काही सांगितले पाहिजे. असे नाही. सीट कव्हरचा रंग सांगायची गरज नसते, आणि कंपनीला आधीच ठाऊक असलेली किंवा ठाऊक असायला हवी अशी गोष्टही नाही. हे तत्त्व ज्या खटल्यापासून शिकवले जाते, त्या 1766 च्या 'कार्टर विरुद्ध बोएम'मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी कर्तव्य दोन्ही पक्षांवर असल्याचे सांगितले, आणि निकाल लागला विमाधारकाच्या बाजूने! पाठांतरात नेमका हाच भाग गळतो.

पुढची चूक परिणामाबद्दलची. महत्त्वाची माहिती दडवली तर करार आपोआप संपतो असे लिहू नका. मूळ नियमानुसार तो कंपनीच्या इच्छेने रद्द होऊ शकतो. काही देशांनी हा नियमही सौम्य केला आहे. ब्रिटनच्या 2012 च्या कायद्यानुसार ग्राहकाने जाणूनबुजून खोटे सांगितले तर कंपनी क्लेम नाकारू शकते. चूक निष्काळजीपणाची असेल आणि कंपनीने फक्त जास्त हप्ता घेतला असता, तर क्लेम त्या प्रमाणात कमी होतो. आपल्या प्रसंगात ते प्रमाण 12,000 भागिले 16,000, म्हणजे 75 टक्के.

75 टक्के, पण कशाचे?

बिलाचे नव्हे. आधी नुकसानभरपाईचे तत्त्व लावून मूळ देय रक्कम काढायची. अपघाताच्या आधी मालक ज्या आर्थिक स्थितीत होता, तिथे त्याला परत नेऊन ठेवायचे, त्याहून वर नाही. वापरलेला बंपर जाऊन कोरा बंपर आला तर मालकाची स्थिती आधीपेक्षा सुधारते, म्हणून सुट्या भागांवर घसारा कापतात. तो 20 टक्के धरू: 12,000. पॉलिसीतली अनिवार्य कपात, म्हणजे क्लेममधला मालकाने स्वतः सोसायचा ठरावीक भाग, 2,000 धरू. घसारा मजुरीवर लावू नका. मजुरी जुनी होत नाही. 90,000 मधून 14,000 गेले, राहिले 76,000. चूक निष्काळजीपणाची ठरली, तर याचे 75 टक्के म्हणजे 57,000 मिळतील.

ट्रकमालकाकडूनही पूर्ण भरपाई घेऊन दोन्ही रकमा खिशात घालता येत नाहीत. कंपनीने जेवढे दिले, तेवढ्यापुरता वसुलीचा हक्क तिच्याकडे जातो.

गाडी पूर्ण निकामी झाली तर

माहिती दडवण्याचा मुद्दा आणि अनिवार्य कपात बाजूला ठेवू. गाडी 8 लाखांना घेतली होती, पॉलिसीत ठरलेले मूल्य 5 लाख. विद्यार्थी हमखास 8 लाख लिहितात, कारण प्रश्नात तोच आकडा आधी येतो. भरपाईचा आधार 5 लाखच. शिवाय मोडकी गाडी कोणाकडे राहणार तेही तपासा. कंपनीने पूर्ण 5 लाख दिले तर सांगाडा कंपनीचा. मालकाने तो ठेवून घेतला आणि त्याची किंमत 40,000 असेल, तर हातात 4,60,000 पडतील.