फोमची डेन्सिटी वजनकाट्यावर तपासा

फोमची डेन्सिटी ३२ म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ३२ किलो. म्हणून गादीचा फोम घेताना आधी त्याचं वजन काढून ठेवा. लांबी, रुंदी, जाडी मीटरमध्ये घेऊन गुणा आणि आलेल्या आकड्याला डेन्सिटीने गुणा. इंच असतील तर प्रत्येक मापाला आधी ०.०२५४ ने गुणायचं. इथेच बहुतेकांची चूक होते.

समजा, ७२ × ३६ इंच, जाडी ४ इंच. मीटरमध्ये १.८२९ × ०.९१४ × ०.१०२, म्हणजे साधारण ०.१७ घनमीटर. ३२ डेन्सिटीला वजन सुमारे ५.४ किलो यायला हवं, ४० ला ६.८ किलो. कव्हर न घालता नुसता फोम काट्यावर ठेवा. ४.७ किलोच भरला, तर डेन्सिटी २८ च्या आसपास आहे.

पण लगेच दोष देऊ नका, आधी जाडी मोजा. गुंडाळून आलेला फोम पूर्ण फुलू द्या, मग कडेला आणि मधे, दोन्हीकडे पट्टी लावा. जाडी ९५ मिमीच निघाली, तर ३२ चा खरा फोमही ५.१ किलोच भरेल.

वजन बरोबर आलं म्हणजे फोम चांगलाच, असंही नाही. खडूसारखी भुकटी मिसळूनही वजन वाढवता येतं. शिवाय डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. तो वेगळा विचारावा लागतो.

उशीसाठी फोम कव्हरपेक्षा सगळीकडून सेंटीमीटरभर मोठा कापा, नाहीतर कोपरे रिकामे लोंबतात. वजन मात्र कापलेल्या मापावरूनच काढा.