पेपरवालं पिल्लू घेताना कागद कसे तपासावेत

‘केसीआय पेपर आहेत, म्हणजे पिल्लू हेल्दी आहे,’ असं कोणी सांगितलं तर पैशाचं पाकीट खिशातच राहू द्या. केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला पिल्लाचे आईबाप कोण, आजे-पणजे कोण आणि जात कोणती हे सांगतो. थोडक्यात, ती वंशावळ आहे. तिच्यात तब्येतीचा रकाना शोधून सापडायचा नाही. लॅब्रेडॉर घेताना मी पुढच्या क्रमाने जातो.

आधी पिल्लाच्या कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप. ब्रीडरला स्कॅनर आणायला सांगा. पिल्लाच्या मानेवर, खांद्यांच्या मध्ये तो फिरवला की पंधरा आकडी नंबर दिसतो. तो कागदावरच्या नंबराशी एकेक आकडा लावून पाहा. ‘कागद नंतर कुरिअर करतो’ म्हणाला तर पूर्ण पैसे कागद हातात आल्यावर. ‘पेपरवालं इतक्याला, विदाऊट पेपर तितक्याला’ असे एकाच वेताचे दोन भाव सांगणाऱ्याकडून मी घेत नाही. आईबाप दोघेही नोंदलेले असतील तर सगळ्या वेताची नोंद करायला अडचण कसली?

मग नावं वाचा. तीन पिढ्यांचे चौदा पूर्वज असतात. बापाचा बाप आणि आईचा बाप म्हणून एकच नाव दोनदा दिसलं, तर पिल्लाचे आईबाप सावत्र भावंडं आहेत. अशा पिल्लाचा अंतःप्रजननाचा आकडा निदान साडेबारा टक्के येतो. कागद खरा, नोंदणी खरी, तरीही रक्त जवळचं. नावामागे ‘चॅम्पियन’ असलं तरी भुलू नका. शोमध्ये ठेवण, चाल आणि स्वभाव बघतात, खुब्याचा एक्स-रे नाही.

खरी गोची इथून पुढे आहे. ‘आईबाप कसे आहेत?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘एकदम फिट, बघा ना.’ समोर कुत्रा शेपूट हलवत असतो आणि आपलं तोंड बंद होतं. नेमकं काय मागायचं हे कळेपर्यंत मीही असाच मान डोलवून परत येत असे. म्हणून नुसतं ‘हेल्थ सर्टिफिकेट’ मागू नका. त्या नावाखाली लसीचं कार्ड पुढे येतं, आणि त्याचा आनुवंशिक आजारांशी काही संबंध नसतो. दोन गोष्टी नावानिशी मागा: आईबापाच्या खुब्यांच्या एक्स-रेचा अहवाल आणि डोळ्यांच्या पीआरए आजाराचा डीएनए अहवाल.

पीआरएचा हिशोब सरळ आहे. लॅब्रेडॉरमध्ये त्याचा ‘पीआरसीडी’ प्रकार आढळतो. डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो आणि कुत्रा मोठेपणी आंधळा होतो. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या डोळ्यांत बघून ते ओळखता येत नाही. दोष दोन्हीकडून आला तरच आजार होतो. आई ‘कॅरिअर’, म्हणजे एकाच बाजूचा दोष बाळगणारी, आणि बाप ‘क्लिअर’, म्हणजे दोष नसलेला, असेल तर एकही पिल्लू या प्रकाराने आंधळं होणार नाही. दोघेही कॅरिअर असतील तर सरासरी चारातलं एक होईल. आणि या दोन्ही वेतांच्या वंशावळीच्या कागदांत तसूभरही फरक दिसणार नाही.

सैल खुब्याच्या दोषाचं तसं नाही. त्यात अनेक जनुकं असतात, शिवाय वजन आणि वाढीच्या वयातला व्यायामही. एक्स-रे कुत्रा वर्षाचा झाल्यावर, गुंगी देऊन, ठरावीक स्थितीत काढतात. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या पद्धतीत ए ते ई अशा श्रेणी आहेत, ए सगळ्यात चांगली. मला आईबाप ए किंवा बी हवेत. तरीही दोन ए श्रेणीच्या कुत्र्यांच्या पोटी सैल खुब्याचं पिल्लू येऊ शकतं. धोका कमी होतो, शून्य होत नाही.

अहवाल मिळाला की त्यावरचा चिप नंबर आईबापाच्या नोंदीशी जुळवा. नंबर नसलेला अहवाल दुसऱ्याच कुत्र्याचा असू शकतो, मी तो धरतच नाही. ‘आमच्याकडे कधी असला प्रॉब्लेम आला नाही’ हे उत्तर तर अजिबात धरत नाही. विकलेलं पिल्लू चौथ्या वर्षी ठेचकाळू लागलं, हे ब्रीडरला कोण कळवायला जातं?

आईला प्रत्यक्ष बघा. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार दीड वर्षाखालच्या मादीची वीण करता येत नाही आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची ब्रीडरची नोंदणीही मागा. ती केसीआयच्या नोंदीपेक्षा वेगळी असते.

घरी आणल्यावर दोन दिवसांत आपल्या डॉक्टरकडे न्या. ब्रीडरच्या डॉक्टरकडे नको. हृदयाचा आवाज, बेंबीचा हर्निया, दातांची ठेवण, नर असेल तर दोन्ही अंडकोष उतरलेत का, एवढं ते तिथल्या तिथे सांगतील. पिल्लू परत करायची अट ठरवायची असेल तर ती पैसे देण्याआधी, लेखी. मालकी बदलाच्या अर्जावर ब्रीडरची सही त्याच बैठकीत घ्या, नंतर तो फोन उचलत नाही.